मजुरी सांगितली ८ टक्के, घेतली साडेचौदा

मुलीच्या लग्नासाठी आम्ही पाटल्यांची जोडी घेतली. पेढी जुनी, गावात नाव असलेली. २२ कॅरेट, हॉलमार्क असलेला माल. काट्यावर वजन आलं बरोबर ३० ग्रॅम, म्हणजे तीन तोळे. सेल्समन म्हणाला, "मजुरी फक्त ८ टक्के, ताई. बाहेर १२च्या खाली कुणी देणार नाही." मग त्याने कॅल्क्युलेटरवर भराभर बटणं दाबली आणि एकच आकडा आमच्यासमोर धरला. सोन्यात रोजचा भावच इतका वरखाली होतो, की त्या एका आकड्यात काय काय मिसळलंय हे ऐकून कळणं शक्यच नसतं. ही पद्धत त्यासाठीच आहे.

घरी बिल वाचलं तेव्हा वजनाच्या रकान्यात ३०.००० नव्हतं, ३१.८०० होतं.

हे वरचे १.८ ग्रॅम म्हणजे ६ टक्के घट. दागिना घडवताना कापणं, कानस मारणं, पॉलिश यात थोडं सोनं झडतं, त्याची भरपाई म्हणून सराफ घट लावतो. हाताने घडवलेल्या नक्षीकामात ती थोडीफार खरी असते. पण झडलेला कीस आणि धूळ कारागीर फेकून देत नाहीत, गोळा करून पुन्हा गाळतात. शिवाय आमच्या पाटल्या साध्या, मशीनवर केलेल्या होत्या. त्यात ६ टक्के सोनं वाया कुठून जाणार?

हिशोब दाखवते. समजायला सोपं जावं म्हणून भाव ९,००० रुपये ग्रॅम असा गोल धरला आहे. ३० ग्रॅमचे होतात २,७०,००० रुपये. त्यावर ८ टक्के मजुरी २१,६०० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,००,३४८ रुपये. बिलात मात्र सोनं ३१.८ ग्रॅमचं धरलं, म्हणजे २,८६,२००. मजुरीचे ८ टक्केही या वाढीव रकमेवर, २२,८९६. त्यावर जीएसटी, म्हणजे ३,१८,३६९. सरळ १८,००० रुपये जास्त. जे सोनं आमच्या हातात आलंच नाही, त्याची किंमत दिली, त्याच्यावर मजुरी दिली आणि वर करही भरला.

दुसऱ्या दिवशी पाटल्या आणि बिल घेऊन पेढीवर गेले. मालक म्हणाले, "घट सगळीकडेच लागते." मी विचारलं, "उद्या याच पाटल्या मोडायला आणल्या तर वजन किती धरणार?" म्हणाले, "काट्यावर येईल तेवढं. तीस." विकताना ३१.८ आणि परत घेताना ३०, तेही एकाच काट्यावर. यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. घट आधी सांगून, वेगळी दाखवून घेतली असती तर तो सौदा झाला असता, पटला तर घेतला असता. इथे ती वजनात लपवली होती. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहिणं बंधनकारक आहे. ३१.८०० हे निव्वळ वजन नव्हतंच. बराच वाद झाल्यावर त्यांनी घटीची रक्कम परत दिली, वाढीव मजुरी दिली नाही.

तुम्ही दुकानात असाल तर पैसे देण्याआधी उलटा हिशोब करा. सांगितलेल्या एकूण रकमेला १.०३ ने भागा, म्हणजे जीएसटी निघून जातो. त्यातून काट्यावरचं वजन गुणिले २२ कॅरेटचा भाव एवढी रक्कम वजा करा. जे उरलं ते सराफाचं, मग त्याला तो मजुरी म्हणो, घट म्हणो की व्ही. ए. म्हणजे व्हॅल्यू ॲडिशन. त्याला सोन्याच्या किमतीने भागलं की खरी टक्केवारी हातात येते. आमच्या बिलात ३९,०९६ उरले, म्हणजे १४.४८ टक्के. दोन दुकानांची तुलना याच आकड्याने करा. मजुरीवर सूट देणाऱ्या पाटीच्या दुकानात तर आवर्जून, कारण सूट मजुरीवर मिळते, घटीवर नाही. (हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी मी इथे धरलेला नाही, ती रक्कम किरकोळ आहे.)

भाव २२ कॅरेटचाच लावलाय ना, तेही पाहा. २४ कॅरेटचा भाव गुणिले ०.९१६, साधारण तेवढाच तो असायला हवा. आणि खडे, काळे मणी किंवा आत लाख असेल तर त्यांचं वजन आधी वजा करून घ्या. मंगळसूत्रात मण्यांचं वजन सोन्याच्या भावाने लावल्याचं माझ्या जावेच्या बाबतीत झालंय.

कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका, पक्कं बिलच मागा. वजन चुकीचं लिहिलं असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल आणि दागिन्याला लावलेली वजनाची चिठ्ठी मात्र जपून ठेवा, तक्रार करताना हीच दोन कागदं कामी येतात.