एलईडीला लोड नसतो म्हणे! ट्रॅक्टरच्या लाइटमध्ये मी असा फसलो

माझ्या ट्रॅक्टरला पुढे ५५ वॅटचे दोन हॅलोजन होते. रात्रीच्या नांगरटीला उजेड पुरेना, म्हणून लाइट बसवून देणाऱ्या एका दुकानदाराकडे गेलो. त्याचा हिशोब ऐकायला गोड होता: "भाऊ, हॅलोजन ११० वॅट खातात, एलईडीचे दोन हेडलाइट ६० मध्ये भागतात. ५० वॅट वाचले, त्यात मागेपुढे चार कामाचे लाइट फुकटात चालतील. एलईडीला लोडच नसतो."

पहिलं वाक्य खरं होतं, म्हणूनच दुसरं गळी उतरलं. त्या चारांपैकी एकेक लाइट ४८ वॅटचा होता, खोक्यावर छापलेलंच होतं. ४८ चोक १९२, वर हेडलाइटचे ६०, म्हणजे २५२ वॅट. पूर्वीच्या दुपटीहून जास्त. ही बेरीज मी दुकानात उभ्या उभ्या करू शकलो असतो. केली नाही.

सहाही लाइट त्याने हेडलाइटच्या जुन्याच वायरला आणि जुन्याच स्विचला जोडले. पहिल्याच रात्री १५ अँपिअरचा फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी त्याने तिथे ३० चा घातला आणि "आता नाही उडणार" म्हणाला. नाहीच उडाला. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा केला, तर आधी जळते ती वायर.

पंधरा दिवसांत सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट् कट्. त्याने मीटर न लावताच सांगितलं, "अल्टरनेटर गेला." डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा चालू इंजिनवर एकदाही लागला नव्हता, पण तेव्हा ते सुचलं नाही. दुसरा अल्टरनेटर बसवला. जुना परत मागितला तर म्हणे भंगारात गेला. आठवड्याभरात पुन्हा तेच कट् कट्, आणि आता लाइटचा स्विच हाताला चटका देऊ लागला.

मग दुसऱ्या वायरमनकडे गेलो. त्याने काही उघडायच्या आधी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लाइटच्या वायरीभोवती धरला: २२ अँपिअर. इंजिनला मध्यम रेस दिलेली, बॅटरीवर १३.६ व्होल्ट आणि लाइटच्या टोकाशी ११.४. मधले २.२ व्होल्ट वायर, स्विच आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जात होते. २.२ गुणिले २२, म्हणजे जवळपास ४८ वॅट. एका अख्ख्या कामाच्या लाइटएवढी ऊर्जा वाटेतच उष्णता होऊन जात होती. डॅशबोर्ड उघडला तर वायरीचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलेलं, आणि स्विचचा एक पाय वितळून वाकडा झालेला.

"उजेड तर कमी झाला नव्हता की," मी म्हटलं. तो हसला. हॅलोजनला व्होल्टेज कमी मिळालं की तो पिवळा पडतो, आपल्याला कळतं. या एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो. व्होल्टेज पडलं तर तो उजेड टिकवायला उलट जास्त अँपिअर ओढतो. वायर जास्त तापते, लाइट मात्र पांढराशुभ्र.

मग त्याने इंजिन स्लोवर आणलं. लाइट बंद असताना १४ व्होल्टच्या वर असलेली बॅटरी सगळे लाइट लावताच १२.३ वर आली आणि खाली सरकत राहिली. अल्टरनेटर ३६ अँपिअरचा असला तरी तेवढं तो पूर्ण रेसवर देतो, स्लोवर निम्म्याहूनही कमी. आणि मी रोज ट्रॉली भरेपर्यंत तासभर इंजिन स्लोवर ठेवून सहाही लाइट लावायचो. कमी पडणारा करंट बॅटरीतून जायचा. नवा अल्टरनेटरही तेच करणार होता, आणि त्याने तेच केलं.

त्याने जुन्या वायरीचा जळका भाग बदलला, नवा स्विच लावला आणि तिच्यावर फक्त दोन हेडलाइट ठेवले, १० चा फ्यूज घालून. चार लाइटांसाठी बॅटरीपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची वायर आणली. तिचा २० चा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवला. वायर पुढे कुठे घासून चेसिसला लागली तरी तो आधी उडतो. पुढे रिले. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो, लाइटांचे १४ अँपिअर रिलेतून. अर्थिंगचीही तेवढीच जाड वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली. पुन्हा मोजलं तेव्हा बॅटरी आणि लाइट यांत अर्ध्या व्होल्टचाही फरक नव्हता. ट्रॉली भरताना मात्र चारांपैकी एकच लाइट लावायचा, असं त्याने बजावलं. त्यासाठी बाकी तिघांना वेगळं बटण दिलं.

वितळलेला स्विच घेऊन मी पहिल्या दुकानदाराकडे गेलो. त्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही लाइट फार वेळ लावता."