जे लपवायचं, तेच आधी पाठवलं: फोटोतली वस्तू पुसणाऱ्या वेबसाइटचा आठ महिन्यांचा अनुभव

कामाच्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. ब्रश फिरवा, पाच-सात सेकंद थांबा, मागचा विजेचा खांब गायब. आठ महिन्यांत घरचे पन्नासेक फोटो मी असेच साफ केले. आता मात्र त्या वेबसाइटवर घरचा एकही फोटो टाकत नाही. कारण सांगतो.

पुतणीचा शाळेच्या गणवेशातला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा होता. खिशावर शाळेचं नाव होतं, मागे आमच्या गाडीची नंबरप्लेट. दोन्ही पुसून मगच टाकू, असा शहाणा विचार केला. पुसूनही झालं. रात्री सहज डोक्यात आलं, की मी जे लोकांपासून लपवलं ते या वेबसाइटला तर सगळ्यात आधी दिलं! आणि नुसतं दिलं नाही, तर ब्रशने रंगवून नेमकं दाखवलंही, की लपवण्यासारखं हे इथे आहे.

मग लॅपटॉपवर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला `Network` टॅब उघडला (F12 दाबलं की सापडतो) आणि तेच काम पुन्हा केलं. स्क्रीनवर फोटो लहान दिसत होता, पण वर गेली ती 4.2 एमबीची अख्खी मूळ फाइल. तिच्यामागून एक काळं-पांढरं चित्र गेलं. त्याला मास्क म्हणतात. पांढरा भाग म्हणजे मी रंगवलेली जागा. उत्तरात दोन लिंक आल्या, एक पुसलेल्या फोटोची आणि दुसरी मूळ फोटोची. मूळ फोटोची लिंक इन्कॉग्निटो विंडोत चिकटवली, तर लॉगिन न विचारता फोटो समोर! लिंकमधलं नाव लांबलचक आणि अगम्य असतं, त्यामुळे अंदाजाने कुणी तिथवर पोचणार नाही हे खरं. पण लिंक ज्याच्या हाती पडेल, त्याला कुलूप लागत नाही.

‘24 तासांत फाइल हटवतो’ असं वेबसाइटवर ठळक लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुसलेल्या फोटोची लिंक बंद झाली. मूळ फोटोची अकराव्या दिवशीही उघडत होती. कदाचित मुख्य सर्व्हरवरून फाइल गेली असेल आणि वाटेतल्या कॅशमध्ये प्रत उरली असेल. बाहेरून ते कळत नाही. उलट लिंक बंद झाली म्हणजे फाइल गेली, असंही सिद्ध होत नाही. अटी तेव्हा कुठे नीट वाचल्या. ‘सेवा सुधारण्यासाठी’ फोटो वापरण्याची परवानगी मी आधीच देऊन बसलो होतो. पुतणीच्या आईबाबांना मात्र मी विचारलंही नव्हतं.

आणखी एक गोष्ट फाइलच्या पोटात असते. फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश त्यात नोंदले जातात. घरात काढलेला फोटो म्हणजे घराचा पत्ताच. फाइलमधल्या अशा नोंदी वाचणारं `exiftool` हे टूल असेल तर पहिल्या ओळीने ही नोंद दिसते, दुसरीने पुसली जाते:

```
exiftool -gps:all photo.jpg
exiftool -gps:all= photo.jpg
```

दुसऱ्या आज्ञेनंतर जुनी फाइल `photo.jpg_original` नावाने शेजारीच राहते. ती चुकून पाठवू नका. मी पाठवली होती. शिवाय याने फक्त ठिकाण जातं. चेहरा आणि खिशावरचं नाव तसंच राहतं.

काही वेबसाइट सगळं काम ब्राउझरमध्येच करतात, फोटो बाहेर जातच नाही. दावा खरा आहे का ते तपासायला, पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करून एखादा बिनमहत्त्वाचा फोटो साफ करून बघा. काम झालं, तर निदान पुसण्यासाठी सर्व्हर लागत नाही. अडकलं तरी लगेच खोटं म्हणू नका, कधी कधी पुसण्याचं काम करणारं एआय मॉडेल ब्राउझरमध्ये उतरायचं बाकी असतं. म्हणून इंटरनेट चालू करून `Network` टॅबमध्ये फोटोएवढी फाइल वर जाते का, ते एकदा पाहाच.

मी आता लॅपटॉपवरच चालणारं IOPaint हे वस्तू पुसायचं सॉफ्टवेअर वापरतो:

```
pip3 install iopaint
iopaint start --model=lama --device=cpu --port=8080
```

पहिल्या वेळी मॉडेल उतरतं, त्यानंतर `http://localhost:8080` उघडायचं. पान ब्राउझरमध्ये दिसलं तरी फोटो आपल्याच मशीनवर राहतो. ग्राफिक्स कार्ड नसल्याने माझ्याकडे एकेक फोटो रेंगाळतो, आणि हाताच्या बोटांपाशी काही पुसायचं तर निकाल त्या वेबसाइटइतका सफाईदार येत नाही. ते मी चालवून घेतो.

वेबसाइटच वापरायची वेळ आली, तर खांब आणि भोवतीची थोडी भिंत एवढाच तुकडा कापून, नवी फाइल म्हणून सेव्ह करून तेवढीच टाकतो आणि साफ झालेला तुकडा मूळ फोटोवर परत बसवतो. खांब कुणाच्या खांद्याला चिकटलेला असला की ही युक्ती चालत नाही. असे दोन फोटो अजून खांबासकट अल्बममध्ये आहेत.