आधी मुदत संपणारे आधी द्या: छोट्या औषध दुकानातील नऊ महिन्यांचा अनुभव

तालुक्याच्या गावातील आमच्या औषध दुकानात सुमारे चौदाशे प्रकारचा माल असतो. काउंटरवर मी, माझी पत्नी (तीही फार्मासिस्ट आहे) आणि एक मदतनीस असे तिघे असतो. 2025 च्या जानेवारीपर्यंत आम्ही ‘आधी आलेला माल आधी विकायचा’ या रीतीने चालत होतो. त्यानंतर माल आल्याची तारीख बाजूला ठेवून मुदतीची तारीख धरली, म्हणजे ज्या बॅचची एक्स्पायरी आधी ती आधी द्यायची. धंद्यात याला फेफो म्हणतात. नऊ महिने ही पद्धत वापरल्यावर तिच्यात काय साधले आणि ती कोठे अडली, हे येथे लिहीत आहे.

जुनी रीत चुकीची का ठरत होती, हे आमच्याच एका खणातील मालावरून सांगतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला युरिक अॅसिडवरील फेबुक्सोस्टॅट 40 च्या 12 स्ट्रिप शिल्लक होत्या आणि त्यांची मुदत मार्च 2026 होती. स्कीम चांगली म्हणून आणखी 20 स्ट्रिप घेतल्या, पण त्या बॅचची मुदत सप्टेंबर 2025 निघाली. नंतर आलेला माल आधी संपणारा असतो, ही गोष्ट औषधांच्या धंद्यात नवलाची नाही. स्कीममध्ये येणारा माल अनेकदा कमी मुदतीचाच असतो. या गोळीचा आमच्याकडील खप महिन्याला साधारण चार स्ट्रिप आहे. जुन्या रीतीने आधीच्या 12 स्ट्रिप एप्रिलअखेर संपल्या असत्या, मेपासून ऑगस्टपर्यंत नव्यांपैकी 16 गेल्या असत्या आणि मुदतीच्याच महिन्यात महिनाभराच्या गोळ्या देणे योग्य नसल्यामुळे उरलेल्या चार सप्टेंबरमध्ये गळ्यात पडल्या असत्या. नव्या रीतीने 20 स्ट्रिप जूनअखेर संपल्या आणि जुन्या 12 सप्टेंबरअखेरपर्यंत पुरल्या. त्यांची मुदत तेव्हाही सहा महिने शिल्लक होती. माल तोच, खपही तोच, फक्त हात आधी कोणत्या स्ट्रिपवर पडतो एवढाच फरक होता.

तो हात योग्य स्ट्रिपवर पडावा यासाठी खरे काम माल उतरवताना करावे लागते, विक्रीच्या वेळी नव्हे. स्टॉकिस्टचा माल आला की बिलावरील बॅच आणि मुदत आम्ही प्रत्यक्ष स्ट्रिपशी ताडून पाहतो. बिल संगणकावर थेट उतरवून घेता येते, परंतु बिलात एक बॅच आणि खोक्यात दुसरी, असे आमच्याकडे या काळात चार वेळा झाले, म्हणून हे ताडणे टाळता येत नाही. काही मोठ्या खपाच्या ब्रँडांवर 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे आणि त्यात बॅच व मुदत असते, पण ती यादी 300 ब्रँडांची असल्याने आमच्या रॅकमधील बराच माल डोळ्यांनीच वाचावा लागतो. वाचताना निर्मितीची तारीख मुदत समजून टिपली जाते, ही चूक मदतनिसाइतकीच माझ्याकडूनही घडली आहे. दोन्ही तारखा एकाखाली एक छापलेल्या असतात आणि चंदेरी फॉइलवर पुसट दिसतात.

प्रत्येक बॅचला वेगळे रबर बँड लावून त्यात एक चिठ्ठी खोचतो आणि तिच्यावर जाड पेनाने ‘9/25’ असे लिहितो. खणात स्ट्रिप उभ्या असतात, कमी मुदतीचा गठ्ठा पुढे आणि जास्त मुदतीचा मागे. सुरुवातीला तिमाहीप्रमाणे चार रंगांची स्टिकर लावली होती आणि ती दिसायलाही छान होती, पण दोन महिन्यांत लक्षात आले की 2025 च्या तिमाहीचा लाल आणि 2026 च्या त्याच तिमाहीचा लाल एकाच खणात शेजारी बसतात. तेव्हा रंग सोडले आणि आकडे ठेवले. माळ्यावरील जादा खोक्यांनाही हाच नियम लावला, कारण कमी मुदतीचा माल वर राहून खाली जास्त मुदतीचा विकला जाण्याचा प्रकार मुख्यतः तेथूनच होतो.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र संगणकाच्या सोयीविषयी आहे. आमचे बिलिंगचे सॉफ्टवेअर विक्री करताना सर्वांत जवळच्या मुदतीची बॅच आपोआप निवडते, म्हणून पहिले तीन महिने मी निर्धास्त होतो. मे महिन्यात एका खणाची मोजणी करताना एका बॅचच्या सात स्ट्रिप हाती लागल्या आणि पडद्यावर मात्र त्या बॅचची शिल्लक शून्य होती. घाईच्या वेळी बिलात कमी मुदतीची बॅच आपोआप उतरत होती, पण खणातून हाताला लागेल ती स्ट्रिप दिली जात होती. कागदावर फेफो चालला होता आणि रॅकमध्ये उलटे घडत होते. यात दोन नुकसाने आहेत. शिल्लक शून्य दिसल्यामुळे महिनाअखेरच्या जवळच्या मुदतीच्या यादीत ती बॅच येत नाही आणि तिचा परतीचा कागदही निघत नाही. दुसरे अधिक गंभीर आहे: एखादी बॅच सदोष म्हणून परत मागवली गेली, तर ती कोणाला दिली हे बिलावरून खात्रीने सांगता येणार नाही.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. बिल करणारा पडद्यावरील बॅचचे शेवटचे तीन अंक मोठ्याने म्हणतो आणि स्ट्रिप काढणारा ते जुळवून ‘हो’ म्हणतो. एकटा माणूस काउंटरवर असेल तेव्हा हे पाळले जात नाही, हे मान्य करतो. म्हणून दर शनिवारी दुपारी, गर्दी कमी असताना, ज्या बॅचची शिल्लक त्या आठवड्यात शून्य झाली तिची यादी काढतो आणि त्या खणांमध्ये तिच्या स्ट्रिप उरल्या आहेत का ते पाहतो. सगळी मोजणी करण्यापेक्षा शून्याची ही मोजणी अर्ध्या तासात होते आणि गडबड नेमकी तेथेच सापडते.

सुट्या गोळ्यांचा मुद्दा लहान वाटतो, पण त्यात पैसा जातो. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच आणि मुदत छापलेली असते. कात्री त्या टोकाकडून चालवली की उरलेल्या गोळ्यांची मुदत सांगता येत नाही आणि त्या विकणे योग्य राहत नाही. म्हणून कापायचे ते नेहमी दुसऱ्या टोकाकडून, आणि छापील टोक शेवटपर्यंत दुकानात ठेवायचे. एका खणात एका वेळी एकच कापलेली स्ट्रिप असावी, हाही नियम केला. कापलेली स्ट्रिप आमचे स्टॉकिस्ट परत घेत नाहीत, त्यामुळे तिची मुदत गेली की तो तोटा पूर्णपणे आपला.

आता जवळच्या मुदतीचा माल. मुदत महिना आणि वर्ष अशी छापलेली असेल, तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत असते. त्यामुळे ‘9/25’ची गोळी 30 सप्टेंबरपर्यंत रीतसर विकता येते. परंतु विकण्याचा शेवटचा दिवस आणि रुग्णाने ती घेण्याचा शेवटचा दिवस एक नसतात, आणि फेफो डोळे मिटून पाळला तर येथेच तो रुग्णाच्या विरोधात जातो. जुलैच्या मध्यावर रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एक काकू मुलाकडे बंगळुरूला जाणार म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या मागायला आल्या. नियमाप्रमाणे पुढचा गठ्ठा सप्टेंबरच्या मुदतीचा होता आणि मदतनीस तोच काढत होता. मी म्हटले, “काकू, या गोळ्या तुम्हाला ऑक्टोबरपर्यंत लागतील आणि यांची मुदत सप्टेंबरलाच संपते. मागच्या गठ्ठ्यातल्या देतो.” त्या म्हणाल्या, “मला काय कळणार बाबा, तू बघशील तसं.” त्यांना मागचा गठ्ठा दिला आणि पुढचा गठ्ठा दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या नेणाऱ्यांसाठी ठेवला. तेव्हापासून चिठ्ठीवर मुदतीच्या आकड्याखाली ‘महिन्याच्या गोळ्या कधीपर्यंत’ ही तारीखही लिहितो, आणि ती मुदत संपण्याच्या तीस दिवस आधीची असते. डोळ्यांच्या थेंबांना किंवा पाण्यात मिसळायच्या अँटिबायोटिक सिरपला वेगळा हिशेब लागतो, कारण बाटली उघडल्यावर किंवा पाणी घातल्यावर ती किती दिवस चालते हे लेबलवर स्वतंत्र दिलेले असते.

जादा माल आधीच ओळखण्यासाठी एक तोंडी हिशेब उपयोगी पडला. मुदतीचा महिना सोडून उरलेले महिने घ्यायचे आणि त्यांना महिन्याच्या खपाने गुणायचे. एका व्हिटॅमिनच्या गोळीच्या 14 स्ट्रिप 1 जूनला होत्या, मुदत नोव्हेंबर, खप महिन्याला दोन. जून ते ऑक्टोबर असे पाच महिने, म्हणजे दहा स्ट्रिप जातील आणि चार उरतील. हे जूनमध्येच कळल्याने नवी मागणी थांबवली आणि स्टॉकिस्टच्या माणसाला चार स्ट्रिप बदलून मागितल्या. त्याने दोन बदलल्या. मुदत संपत आलेले अँटिबायोटिक किंवा झोपेचे औषध ‘स्वस्तात देतो’ म्हणून खपवण्याचा मार्ग मात्र आम्ही कधीच धरला नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्यापेक्षा जास्त गोळी कोणाच्याही घरी जाऊ नये.

परतीची मुदत प्रत्येक स्टॉकिस्टची वेगळी असते. आमच्याकडील बहुतेक जण मुदतीच्या तीन महिने आधीपासून माल घेतात, पण दोघे मुदत संपल्यावरच घेतात. ही माहिती एका वहीत स्टॉकिस्टवार लिहून ठेवली, तेव्हा परत करायचे राहून जाण्याचे प्रमाण खूप कमी झाले. परतीचा माल दिला की क्रेडिट नोट येईपर्यंत दोन-तीन महिने जातात आणि रक्कम पूर्ण मिळेलच असे नाही, म्हणून दिलेल्या मालाच्या यादीवर नेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय खोका हलत नाही.

मुदत संपलेला माल विक्रीच्या मालात ठेवता येत नाही. औषध नियम 1945 च्या नियम 65, उपनियम 17 प्रमाणे तो परतीसाठी किंवा नष्ट करण्यासाठी थांबला असेल तर स्वतंत्र ठेवून खोक्यावर वरच्या बाजूला ‘नॉट फॉर सेल’ असे ठळक लिहावे लागते. आमचा असा खोका स्वच्छतागृहाशेजारच्या कपाटात आहे, काउंटरखाली नाही. काउंटरखाली असताना घाईत त्यातीलच स्ट्रिप उचलली जाण्याची वेळ एकदा आली होती. महिन्याच्या 1 तारखेला, दुकान उघडण्यापूर्वी, मागच्या महिन्यात मुदत संपलेला सगळा माल त्या खोक्यात जातो.

फ्रिजमधील मालाला ही पद्धत पुरेशी लागू पडलेली नाही. इन्शुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, खोकी लहान, फ्रिज भरलेला, आणि पुढचे-मागचे ठेवताना दार उघडे राहते. सध्या फ्रिजच्या दारावर बाहेरून एक कागद चिकटवला आहे आणि त्यावर आतील प्रत्येक बॅचची मुदत व संख्या लिहिलेली आहे. खोके काढले की संख्या खोडून नवी लिहायची. ऑगस्टमध्ये त्या कागदावर दोन आणि आत तीन अशी स्थिती होती, म्हणजे कोणीतरी लिहायचे विसरले होते, आणि तो बहुधा मीच असेन.