एडब्ल्यूएसवर ऑन-डिमांड, रिझर्व्ड आणि स्पॉट : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या संकेतस्थळाचे सर्व्हर एडब्ल्यूएसच्या ईसी२ सेवेवर चालतात. रात्री ६ सर्व्हर पुरतात, सकाळी आठ ते रात्री अकरापर्यंत आणखी ४ लागतात आणि संध्याकाळचे तीन तास गर्दीमुळे त्यांत १० ची भर पडते. ऑन-डिमांडमध्ये कोणतेही बंधन नसते, पण दर सर्वांत जास्त असतो. रिझर्व्डमध्ये किंवा २०१९ मध्ये आलेल्या सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये एक किंवा तीन वर्षांची हमी दिल्यावर सवलत मिळते.

ही हमी दर तासाची असते आणि न वापरलेला तास पुढे नेता येत नाही, हे लक्षात घेऊनच किती सर्व्हर बांधून घ्यायचे ते ठरवावे लागते. सवलत ३० टक्के धरली, तर रिझर्व्ड सर्व्हरचे दिवसाला १६.८ तासांचे ऑन-डिमांड भाडे पडते, मग तो चालो वा न चालो. म्हणून रोज १५ तास लागणारे आमचे ते ४ सर्व्हर, वरवर कितीही स्थिर वाटले, तरी रिझर्व्ड करणे तोट्याचे ठरते. सगळे सर्व्हर ऑन-डिमांड ठेवले तर दिवसाला २३४ तासांचे भाडे होते. १० रिझर्व्ड केले तर १९८ आणि फक्त ६ केले तर सुमारे १९१. सवलत ४० टक्के असती, तर मात्र हेच ४ सर्व्हर बांधून घेणे किंचित फायद्याचे झाले असते.

स्पॉट म्हणजे एडब्ल्यूएसची रिकामी पडलेली क्षमता. ती सर्वांत स्वस्त आहे, पण एडब्ल्यूएसला ती परत हवी झाली की दोन मिनिटांची सूचना देऊन सर्व्हर काढून घेतला जातो. त्यामुळे संध्याकाळची सगळी वाढ स्पॉटवर सोडणे मला धोक्याचे वाटते. गरजेप्रमाणे सर्व्हर वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या ऑटो स्केलिंग ग्रुपमध्ये आम्ही पुढील मांडणी ठेवली आहे.

```
OnDemandBaseCapacity: 10
OnDemandPercentageAboveBaseCapacity: 50
SpotAllocationStrategy: price-capacity-optimized
```

यामुळे पहिले १० सर्व्हर ऑन-डिमांड सुरू होतात, त्यांतील ६ ना बिलात हमीची सवलत आपोआप लागू होते आणि गर्दीच्या वेळचे वरचे १० निम्मे ऑन-डिमांड, निम्मे स्पॉट असतात. इन्स्टन्सचे एकच प्रकार-नाव दिले असेल, तर त्या प्रकाराची क्षमता आटली की सगळे स्पॉट सर्व्हर एकदमच जाऊ शकतात; म्हणून सारख्या आकाराचे अनेक प्रकार आणि सगळे उपलब्ध झोन यादीत हवेत.

छायाचित्रे लहान करण्याचे रात्रीचे काम मात्र आम्ही पूर्णपणे स्पॉटवर नेले. ते रांगेतून एकेक घेतले जाते, प्रत्येक तुकडा मिनिटाच्या आत संपतो आणि अर्धवट राहिलेला तुकडा रांगेत परत दिसू लागतो. ज्या कामाचा एकेक टप्पा तासभर चालतो आणि मधली स्थिती कुठेही जतन होत नाही, ते मी अजूनही ऑन-डिमांडवरच ठेवतो, कारण पुन्हा पहिल्यापासून चालवताना स्पॉटची बचत खर्ची पडते.