पॅन्टोप्राझोल ४० : चार वर्षांचा वापर आणि गोळी सोडतानाचे महिने

गोळी घेणारी माझी आई. वय सहासष्ट, यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात राहते, शुद्ध शाकाहारी, गळ्यात माळ. गोळ्या आणून देणारा मी, म्हणून लिहायलाही मीच बसलो.

गोळी सुरू झाली ती गुडघ्यांमुळे. वेचणीच्या दिवसांत आईला रोज डायक्लोफेनॅक लागायची. दुखण्याच्या गोळीनं जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि व्रण पडायची भीती असते, म्हणून सोबत सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही जठरातलं आम्ल कमी करणारी ४० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. लिहून देणं बरोबरच होतं. छातीतली जळजळ चार दिवसांत थांबली, रात्री उठून बसणं बंद झालं. ज्या कामासाठी दिली त्या कामाला ही गोळी उत्तम आहे, त्यात मला आजही शंका नाही.

पुढे गुडघे शेकण्यावर आणि व्यायामावर आले, आईनं शेतात जाणं कमी केलं आणि डायक्लोफेनॅक सुटली. पित्ताची गोळी मात्र चालूच राहिली. ती किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. मेडिकलमध्ये "पित्ताची द्या" म्हटलं की पत्ता हातात. आमच्या गावात निम्म्या घरांत ती फळीवर दिसेल, चहाच्या डब्याशेजारी.

ती नेमकं काय करते ते आधी सांगतो. जठराच्या भिंतीत काही पेशी असतात, त्यांच्यात आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात. जेवायच्या वेळी हे पंप जागे होतात. गोळी जाग्या पंपाला जाऊन चिकटते आणि तो कायमचा बंद करते, मग शरीराला नवे पंप तयार करावे लागतात. म्हणूनच रक्तातून गोळी काही तासांत ओसरली तरी तिचा परिणाम दिवसभर टिकतो, आणि म्हणूनच ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. रात्री जेवून झाल्यावर घेणारे पुष्कळ आहेत, त्यांना गोळीचा पूर्ण फायदा मिळत नाही.

आता हे आम्ल हवं कशाला? उपाशीपोटी जठरातला पीएच साधारण दीड ते साडेतीनच्या मध्ये असतो, म्हणजे लिंबाच्या रसाइतका किंवा त्याहूनही आंबट. एवढ्या आंबटपणातच पेप्सिन हे प्रथिनं तोडणारं पाचकद्रव्य तयार होतं आणि काम करतं. पण आम्ल कमी झालं म्हणजे वरणभात पचतच नाही, असं काही नाही. प्रथिनांचं बरंचसं काम पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस उरकून टाकतो. म्हणून तर माणसाला वर्षानुवर्षं कळतच नाही. जेवण जातं, झोप लागते, जळजळ नाही. नुकसान होतं ते मोजक्या गोष्टींचं, आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व.

अन्नातलं बी-१२ मोकळं नसतं, प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं. आम्ल आणि पेप्सिन मिळून ती गाठ सोडवतात. सुटलेलं बी-१२ आधी लाळेतल्या एका प्रथिनाच्या हवाली होतं, मग लहान आतड्यात इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाचं दुसरं प्रथिन त्याला उचलतं आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ते रक्तात शिरतं. हे इन्ट्रिन्सिक फॅक्टर आम्ल बनवणाऱ्या त्याच पेशी बनवतात. पॅन्टोप्राझोलनं ते बंद पडत नाही. अडतं ते पहिल्याच पायरीवर, गाठ सोडवण्यावर. शाकाहारी माणसाला बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातून, आणि आमच्याकडची म्हैस विकल्यापासून दूध म्हणजे चहात पडेल तेवढंच. येणं मुळातच थोडं, त्यातलंही सुटेना. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो म्हणून वरून सगळं ठीक दिसत राहिलं. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दोन किंवा जास्त वर्षं या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरता जास्त आढळली होती. आई त्या मुदतीच्या दुप्पट पुढे गेली होती.

पहिली खूण पायांनी दिली. "पायाले मुंग्या येऊन राह्यल्या रे," एवढंच ती म्हणायची, आणि आम्ही ते गुडघ्याच्या खाती टाकायचो. मग एकदा अंगणातून ओसरीवर आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. मागे अंगणात पडलेली. "कवा निसटली, मले समजलंच नाही," म्हणाली आणि हसली. तळव्याला चपलेचा स्पर्श कळत नव्हता. अंधारात भिंतीला हात लावून चालायची, डोळे मिटून तोंड धुताना तोल जायचा. जीभ लालभडक आणि गुळगुळीत झाली होती, ठेचा तर सोडाच, साधं वरणही झोंबायचं. त्यावर घरातले उपाय म्हणजे आणखी पित्ताचं औषध, कारण तोंड येणं हे आमच्याकडे पित्ताचंच लक्षण. जेवल्यावर पोट फुगून दगड व्हायचं, त्यालाही तेच औषध. आम्ल कमी झाल्यावरचा जडपणा आणि ढेकर हुबेहूब आम्ल वाढल्यासारखेच वाटू शकतात, ही यातली खरी मेख आहे.

तपासणीचा कागद आला तो बघण्यासारखा होता. हिमोग्लोबिन ८.९. पण तांबड्या पेशींचा सरासरी आकार, एमसीव्ही, ९१, म्हणजे अगदी नॉर्मल. बी-१२ कमी पडलं की पेशी मोठ्या होतात, हा आकडा शंभराच्या वर जातो. त्यामुळे पहिल्या दवाखान्यात "बी-१२ चा प्रश्न नाही, अशक्तपणा आहे" असं सांगून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी त्याच कागदावर बोट ठेवलं ते आरडीडब्ल्यू या आकड्यावर. तो २१ होता, पंधराच्या आत हवा. म्हणजे पेशी सगळ्या एका मापाच्या नाहीत, काही फार मोठ्या आणि काही फार लहान, आणि सरासरी मात्र मधली येते. लहान पेशी होतात लोहाच्या कमतरतेनं. भाकरी-वरणातल्या लोहालाही विरघळायला आम्लच लागतं. दोन्ही कमतरता एकमेकींना झाकून बसल्या होत्या. मग मागवलेल्या तपासणीत बी-१२ निघालं १३८, लॅबची खालची मर्यादा साधारण दोनशे, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन अवघं ९.

फॉलिक ॲसिडबद्दल मॅडम थोड्या चिडूनच बोलल्या. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, चेहऱ्यावर तरतरी येते आणि तिकडे नसांचं नुकसान चालूच राहतं. त्यांनी आईच्या अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा ठेवला आणि विचारलं, "आजी, झिणझिण कळते का?" आईनं मान हलवली. घोट्यावर नाही, नडगीवर नाही, गुडघ्यावर ठेवला तेव्हा "आता कळली" म्हणाली. त्यांनी दुर्बीण करून जठराचा तुकडाही तपासून घेतला, कारण शरीरच आम्लाच्या पेशी मारत असेल तर गोळी थांबवून काही होत नाही, इंजेक्शन आयुष्यभर लागतं. तसं निघालं नाही.

बी-१२ ची इंजेक्शनं आधी एकाआड एक दिवस, मग आठवड्याला, मग महिन्याला. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा तिच्यापासून दोन तास लांब.

खरी कसोटी होती पॅन्टोप्राझोल सोडण्याची. आईनं ऐकल्याबरोबर ती एकदम बंद केली आणि आठवड्याच्या आत अशी जळजळ उठली की तिला वाटलं, आपला आजार खरोखरच मोठा आहे आणि गोळीवाचून जमणार नाही. यामागचं कारण समजून घ्या, नाहीतर गोळी कधीच सुटत नाही. आम्ल कमी आहे हे शरीराला कळतं, ते गॅस्ट्रिन हा आम्लाचा हुकूम देणारा संप्रेरक वाढवत राहतं, आणि त्या हुकुमावर चालणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी थांबली की ही सगळी फौज मोकळी सुटते, आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त येतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये जळजळीचा काहीच त्रास नसलेल्या १२० निरोगी लोकांवर प्रयोग झाला होता. निम्म्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी देऊन थांबवली, बाकीच्यांना पहिल्यापासून खोटी गोळी. थांबवल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्यात १५ टक्क्यांना. म्हणजे ती जळजळ आजाराची असेलच असं नाही, गोळी सुटल्याचीही असते.

म्हणून परत ४० वर जाऊन हळूहळू उतरलो. महिनाभर २० ची, मग एकाआड एक दिवस, मग फक्त त्रास झाला तर चमचाभर अँटासिड, तेही लोहाच्या गोळीपासून दूर. ४० ची गोळी अर्धी मोडून २० करू नका. तिच्यावरचं आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, मोडली की औषध आतड्यात पोचायच्या आधीच खराब होतं. २० ची वेगळी मिळते. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा, एवढ्यानं बाकीचं निभावलं. वाईट आठवडे चार-पाच होते.

आम्ल नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातून येणारे जंतूही मारतं. आधीच्या पावसाळ्यांत घरात सगळे एकच पाणी पीत असताना हगवण दरवेळी आईलाच लागायची. यंदा लागली नाही. एका पावसाळ्यावरून मी काही सिद्ध करत नाही, पण नोंद करून ठेवतो.

शेजारच्या एका भाऊंनी खाण्याचा सोडा पाण्यात घेऊन किती वेळात ढेकर येतो त्यावरून आम्ल मोजायची युक्ती सांगितली होती. त्यावर विसंबू नका. माणूस पाण्याबरोबर हवाही गिळतो, आणि आधी काय खाल्लं त्यावरही ढेकर ठरतो.

हे वाचून कोणी उद्या सकाळी गोळी फेकणार असेल तर थांबा. ज्यांना व्रणातून रक्तस्राव झालाय, जे हृदयासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेतात, ज्यांना रोज दुखण्याची गोळी लागतेच, किंवा ज्यांच्या अन्ननलिकेचं अस्तर बदललंय, त्यांना ही गोळी लागते आणि लागत राहील. त्यांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात: अजून किती दिवस, आणि बी-१२ नि मॅग्नेशियम एकदा बघू का. शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर आधी विचारावं, कारण बी-१२ तीही कमी करते.

सध्याची स्थिती: पॅन्टोप्राझोल पूर्ण बंद, महिन्यातून एखाद-दोनदा अँटासिड. हिमोग्लोबिन ११.८. जीभ महिन्याभरातच सुधारली, ठेचा परत ताटात आला. मुंग्या कमी झाल्यात, पण डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत, आणि ती पूर्ण येतील याची खात्री मॅडमनी दिलेली नाही. इंजेक्शन थांबवून आता बी-१२ ची रोजची गोळी चालू आहे. गोळीतलं बी-१२ प्रथिनाला बांधलेलं नसतं, त्यामुळे ते घ्यायला आम्लाची गरज पडत नाही. पुढची तपासणी संक्रांतीनंतर.