यादी तपासायची की दावा पकडायचा? प्रकल्प-निबंधांचे संदर्भ जोखण्याच्या दोन पद्धती

तृतीय वर्षाचे प्रकल्प-निबंध जमा झाले की मार्गदर्शकापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे शेवटचं पान उघडून संदर्भसूची निकषांवर घासायची: लेखक कोण, प्रकाशक कोण, साल कुठलं, लिहिण्यामागचा हेतू काय. दुसरी म्हणजे सूची तूर्त बाजूला ठेवायची, निबंधातले दोन-तीन दावे उचलायचे आणि ते मुळात कुठून निघाले याचा माग काढत मागे मागे जायचं. मी दोन्ही वापरल्या आहेत, आणि दोन्हींवर सहकाऱ्यांशी भरपूर वादही घातलेत.

यादी बघण्याची पद्धत टाकाऊ आहे, असं मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 2004 च्या सुमारास पाच निकष मांडले आणि पुढे जगभरच्या महाविद्यालयांनी ते उचलले, ते उगीच नाही. साठ निबंध चार दिवसांत संपवायचे असतील तर दुसरं काही जमतही नाही. चहा पिता पिता एक निबंध होतो, इंटरनेट लागत नाही, आणि ‘सर, मला संदर्भांचे गुण कमी का?’ म्हणून विद्यार्थी आला तर त्याच्यापुढे तक्ता ठेवता येतो. सगळी यादी विकिपीडिया, प्रश्नोत्तरांची संकेतस्थळं आणि जागा विकणाऱ्या कंपन्यांच्या पानांनी भरली असेल तर ती लगेच दिसते.

माझं बिनसलं ते ‘साल’ या रकान्यापाशी. तेवढ्यावरून एखादी पद्धत नापसंत करणं कुणाला जास्त वाटेल, पण उदाहरण बघा.

विषय मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाचा. विद्यार्थिनीने पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मुंबईची 54 टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहते. पुढचा सगळा युक्तिवाद या एका आकड्यावर उभा. संदर्भ म्हणून घरबांधणीवरच्या एका संकेतस्थळावरचा लेख, शीर्षकात 2023. त्याच यादीत दुसऱ्या एका मुद्द्यासाठी 2011 च्या जनगणनेचा तक्ताही होता. आमच्या नमुना-तक्त्यात ‘शक्यतो गेल्या पाच वर्षांतले संदर्भ’ असं कलम आहे. त्यामुळे संकेतस्थळाला पूर्ण गुण मिळाले आणि जनगणनेपुढे ‘जुना संदर्भ’ अशी लाल खूण झाली.

आता हाच दावा पकडून मागे जाऊ. लेख उघडला, पानावर ‘54’ शोधलं. वाक्य सापडलं, पण मोजलं कुणी आणि कधी, याचा पत्ता नाही. वाक्यातले ठळक शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधले तर जवळजवळ तेच वाक्य आणखी पाच-सहा ठिकाणी मिळालं. त्यातली दोन ठिकाणं तिच्याच यादीत स्वतंत्र संदर्भ म्हणून बसलेली! म्हणजे यादीत तीन ओळी, आणि मूळ एकच. एका जुन्या लेखात जनगणनेचा उल्लेख निघाला, तिथून सरकारी तक्त्यापर्यंत पोहोचलो. तो होता 2001 चा. तेव्हा बृहन्मुंबईच्या सुमारे 1 कोटी 20 लाख लोकांपैकी 65 लाखांच्या आसपास लोक झोपडपट्टीत मोजले गेले होते, म्हणून 54 टक्के. 2011 मध्ये तोच हिशेब 1 कोटी 24 लाखांतले 52 लाख, म्हणजे साधारण 42 टक्के असा झाला. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे ‘जुना’ म्हणून लाल खूण झालेला संदर्भच निबंधातला सर्वांत ताजा होता, आणि 2023 चा लेख बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होता.

हे अपवादात्मक असतं तर मी गप्प बसलो असतो. पण कित्येक संकेतस्थळं दर जानेवारीत शीर्षकातलं साल बदलतात आणि खालचा मजकूर तसाच ठेवतात, कारण शोधयंत्रात ताजं पान वर येतं. पानावरची तारीख म्हणजे ते पान शेवटचं कधी झाडलं याची तारीख, माहिती कधी गोळा केली याची नव्हे. यादी बघणारा पहिली तारीख बघतो, आणि मजकूर उघडल्याशिवाय दुसरी त्याला दिसायची काही सोय नाही.

मूळ स्रोतापर्यंत गेल्याचा आणखी एक फायदा झाला. 65 लाखांचे 52 लाख झाले म्हणजे तेवढ्या लोकांना पक्की घरं मिळाली, असं वाचायचा मोह होतो. जनगणनेची व्याख्या वाचली की तो आवरतो. अधिसूचित आणि मान्यताप्राप्त वस्त्यांखेरीज इतर वस्ती झोपडपट्टीत धरायला निदान तीनशे माणसं किंवा साठ-सत्तर घरांची सलग दाटी लागते. नाल्याकाठच्या वीस झोपड्या त्या रकान्यात येतच नाहीत. ही ओळ जागा विकणाऱ्याच्या लेखात मिळणार नाही आणि संदर्भसूचीवरूनही कळणार नाही.

या पद्धतीला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि पंचवीस विद्यार्थ्यांना अनोळखी संकेतस्थळं जोखायला दिली. इतिहासकार आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले. नाव भारदस्त, मांडणी नीट, शेवटी संदर्भ, यांवरून त्यांनी मत बनवलं आणि पुष्कळदा फसले. तपासनीस मात्र लगेच त्या पानाबाहेर पडले आणि इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते बघू लागले. पत्त्याच्या शेवटी ‘.org’ असल्याने काहीच सिद्ध होत नाही, ते कुणीही विकत घेऊ शकतं. तीच गोष्ट नियतकालिकाच्या आयएसएसएन क्रमांकाची. तो ओळख सांगतो, दर्जा नाही. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांकडेही तो असतो, आणि यादीत ती अगदी रुबाबात बसतात.

दावा पकडण्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. वेळ खूप जातो. माझा अनुभव विचाराल तर बोरिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलने पोहोचेपर्यंत एका निबंधाचे तीन दावे होतात, तेही बसायला जागा मिळाली तर. तीन दावे म्हणजे सगळा निबंध नव्हे, चौथा खोटा असू शकतो. म्हणून निवड आंधळी नसावी: ज्यावर निष्कर्ष उभा आहे तो एक, ठसठशीत आकडा असलेला एक, आणि वाचताना ‘असं असेल?’ वाटलं तो एक. संकल्पनात्मक किंवा साहित्यविषयक निबंधात ही पद्धत लंगडते, कारण तिथे पकडायला आकडाच नसतो. मराठी पुस्तकं, जुनी गॅझेटियर, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातल्या फायली यांतलं बरंचसं फोनवर उघडत नाही. अशा निबंधांना मी आजही यादीच बघतो, फक्त पृष्ठक्रमांक आहेत का तेवढं आधी पाहतो. पृष्ठक्रमांक नसलेलं पुस्तक बहुधा दुसऱ्याच्या यादीतून उतरवलेलं असतं.

तेव्हा तुमच्याकडे साठ निबंध आणि चार दिवस असतील तर यादी घ्या, कुणी नावं ठेवणार नाही. तक्त्यातलं पाच वर्षांचं कलम मात्र काढून टाका आणि त्या जागी ‘माहिती कोणत्या सालची आहे’ असा रकाना विद्यार्थ्यालाच भरायला द्या. पंधरा-वीस निबंध असतील आणि विषय शहर, आरोग्य, अर्थकारण असा आकड्यांचा असेल, तर मी दावेच पकडेन. तोंडी परीक्षेत आमच्याकडे आता पहिला प्रश्नही तोच असतो: हा आकडा कुणी मोजला? त्या विद्यार्थिनीने नंतर 42 घातले, व्याख्येवर तळटीप लिहिली आणि निष्कर्षाचा परिच्छेद निम्मा कापला.