बर्डीतून ‘पीएस टू चालतं’ म्हणून घेतलेलं मशीन आणि माझे गेलेले ८,५४९ रुपये

आधी रक्कम सांगतो, कारण ती मला झोपेतही आठवते. गेमच्या मशीनचे ६,४९९, नंतर ‘मोठ्या कार्डाचे’ ८५० आणि त्यानंतर ‘सॉफ्टवेअर अपडेट’चे १,२००. एकूण ८,५४९ रुपये. आणि ज्यासाठी घेतलं ते त्या मशीनवर एक मिनिटही चाललं नाही, चालणारही नव्हतं.

भाच्याचा वाढदिवस होता. त्याला सॅन अँड्रियास हा गेम खेळायचा होता, प्लेस्टेशन टूवरचा, म्हणजे पीएस टूवरचा. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर हातात धरून खेळायच्या मशीनचं दुकान आहे. त्यांची जाहिरात मोबाईलवर रोज यायची: १५,००० गेम, पीएस टू, ६४ जीबी. मी आणि भाचा दोघंही गेलो.

मी स्पष्ट विचारलं, “पीएस टू चालते ना?” तो म्हणाला, “मक्खन चालते भाऊ, हे पाहा.” आणि त्याने पीएस टूच्या यादीतून टेकन थ्री लावून दिला. कुठेही अडकत नव्हता. भाचा खूश झाला, मी पैसे काढले.

टेकन थ्री पीएस वनचा गेम आहे, १९९८ चा. इतवारीच्या पार्लरमध्ये तासाला पैसे मोजून मी तो स्वतः खेळलेलो आहे. पीएस टूवर टेकन टॅग आला, फोर आला, फाइव्ह आला, थ्री वेगळा गेम म्हणून नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी त्या काउंटरवर गप्प उभा राहिलो. मी म्हणालो एवढंच की सॅन अँड्रियास लाव. त्यावर तो म्हणाला, “पहिल्यांदा लोड व्हायला वेळ लागते, बॅटरी कमी आहे, घरी चार्ज करून लावा.” दुकानात गर्दी होती, भाचा हात ओढत होता, आणि समोर गेम चालताना दिसत असताना माणसाला खोटं बोलतोय असं तोंडावर म्हणवत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही कदाचित घेतलं असतं. पण ते वाक्य ऐकूनच मी निघायला हवं होतं. जो गेम तुम्हाला हवा आहे तोच दुकानात लावून दाखवायला सांगा, आणि पाच मिनिटं खेळा.

दुसरी गोष्ट तर अजून मनाला लागते. मी कळमन्याच्या मार्केटात हिशेब लिहितो. पीएस टूची साधी डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंतची, सॅन अँड्रियास एकटा चार जीबीच्या पुढे जातो. ६४ जीबीच्या कार्डात असे मोठे गेम तेरा-चौदा मावतील. त्याच्या यादीत पीएस टूचे १,२०० गेम होते. हा भागाकार मी दिवसातून शंभर वेळा करतो, तो त्या दिवशी केला नाही.

घरी सॅन अँड्रियास लावला की काळा पडदा यायचा, आणि दहा सेकंदांत परत मेनू. दुकानदार म्हणाला कार्ड खराब आहे, मोठं घ्या, ८५० द्या. दिले. पुन्हा तेच. मग म्हणाला सॉफ्टवेअर जुनं आहे, १,२०० द्या. भाच्यासमोर हरायचं नव्हतं म्हणून तेही दिले. तेव्हाच हात आखडायला हवा होता. दुकानदार बिघाड दुरुस्त न करता पुढचा पैसा मागतो, तेव्हा बिघाड मशीनचा नसतो.

शेवटी ऑफिसातल्या एका मित्राने कार्ड त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपला लावलं. सॅन अँड्रियासच्या नावाची फाइल ४१ एमबीची निघाली. आणि मेनूची यादी जिथून बनते त्या `es_systems.cfg` फाइलमध्ये हे होतं:

```
<fullname>PS2</fullname>
<path>/roms/psx/</path>
```

`psx` म्हणजे पीएस वनचं फोल्डर. पाटी पीएस टूची, आत माल पीएस वनचा. गेम सुरू करणारा प्रोग्रामही `pcsx_rearmed`, म्हणजे पीएस वनचाच. आमच्या घरी मेनूत ‘पीएस टू’ दिसत होतं ते कोणीतरी बसून टाइप केलं होतं. हे वाचल्यावर मी तिथेच खाली बसलो.

मशीनवर गेम चालवणारं रेट्रोआर्च नावाचं सॉफ्टवेअर असतं, त्यात Information, मग System Information उघडलं तर प्रोसेसरची माहिती दिसते. मशीनमध्ये चिप निघाली RK3326: चार कॉर्टेक्स ए३५ कोर, जेमतेम १.५ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि रॅम १ जीबी. ही चिप वाईट नाही, हे मी रागातही मान्य करतो. तिची मर्यादा फक्त ठरलेली आहे. निन्टेन्डोचे जुने ८ बिट आणि १६ बिट, सेगा, गेमबॉय अॅडव्हान्स आणि पीएस वन हे सगळं ती आरामात ओढते, कारण पीएस वनचा मूळ प्रोसेसर ३४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा होता. निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट आणि पीएसपीपाशी रडकथा सुरू होते: हलके गेम चालतात, जड गेमचा आवाज तुटायला लागतो, आणि मशीन अधली-मधली चित्रं गाळून पुढे पळतं. तिथे प्रत्येक गेम वेगळा तपासावा लागतो.

पीएस टू या यादीतच बसत नाही. २००० सालच्या त्या मशीनचा मुख्य प्रोसेसर जवळपास २९५ मेगाहर्ट्झचा. शिवाय त्याच्याबरोबर दोन वेगळे व्हेक्टर युनिट आणि वेगळी ग्राफिक्स चिप, आणि हे सगळं एकमेकांशी वेळ जुळवून चालतं. ती जुळवाजुळव सॉफ्टवेअरने करायची तर चार अशक्त कोर पुरत नाहीत. मोबाईलवर पीएस टू चालवणाऱ्या एथरएसएक्स टू या अॅपसाठी स्नॅपड्रॅगन ८४५ च्या ताकदीची चिप हवी असं सांगितलं जायचं, म्हणजे २०१८ चे महागडे फोन. RK3326 च्या मशीनला कुठलंही कार्ड, कुठलाही अपडेट त्या पायरीवर नेत नाही. मला दोनदा तेच विकलं गेलं.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, “गेमच्या मशीनसाठी इथं येता का?” आणि जाहिरात ऑनलाइन आहे म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माल दुकानातून घेतला ना, मग ठाण्यातच जा. पुन्हा ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाला, दुकानात पाहून घेतलं होतं ना, मग फसवणूक कसली? मी ती `psx` वाली फाइल छापून नेली होती. कागद उलटासुद्धा केला नाही, त्यावर चहाचा ग्लास ठेवला. तीन दिवस अर्धा पगार कापून घेऊन मी चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी तरी सरळ सांगितलं की पक्कं बिल आणा. माझ्याकडे कच्ची पावती, त्यावर ‘गेम ६,४९९’ एवढंच लिहिलेलं, ना मॉडेल, ना जीएसटी नंबर. आणि १,२०० रुपये त्याने दाखवलेल्या क्यूआरवरून भलत्याच नावावर गेले. मी नाव वाचलं होतं. विचारलं नाही.

पक्क्या बिलावर चिपचं नाव आणि ‘पीएस टू चालते’ हे दोन्ही लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर उत्तर मिळालं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, हे मला खूप उशिरा कळलं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच घेऊन ठेवा. माझ्या दुकानदाराने माझ्या दुसऱ्या फेरीनंतर ती जाहिरात काढून टाकली.

बर्डीतल्या त्याच मजल्यावरून कोणी हे मशीन घेतलं असेल, आणि बिल किंवा जाहिरातीचा फोटो जवळ असेल, तर मला कळवा. दोघांची तक्रार एकत्र घेऊन जाऊ.